सौर पंप : आत्ता की स्वस्त झाल्यावर?

शिरोडा परिसरातील अनेक बागायतदार माड-सुपारीला डिझेल पंपाने पाणी देतात. पॅनेल स्वस्त होत आहेत, मग थोडे थांबावे का, असा प्रश्न त्यांना पडतो. यासाठी घट कशी होते ते पाहावे लागेल.

विमानाच्या कारखान्यात एकूण उत्पादन दुप्पट झाले की प्रत्येक विमानामागची मजुरी सुमारे २० टक्क्यांनी उतरते, असे टी. पी. राइट यांनी १९३६ साली मांडले. सौर पॅनेलची किंमतही १९७६ पासून प्रत्येक दुपटीला साधारण तेवढीच उतरली. दुप्पट म्हणजे वर्षाचे उत्पादन नव्हे. आजवर बनलेल्या सर्व मालाची बेरीज. म्हणजे १०० रुपयांचे पॅनेल ८०, मग ६४, मग सुमारे ५१ रुपये. मात्र प्रत्येक दुपटीसाठी आधीच्या सगळ्याएवढा नवा माल बनावा लागतो. २००८ पूर्वीची काही वर्षे सिलिकॉनच्या टंचाईने ही घट अडलीही होती.

समजा, अनुदान न धरता संच ३ लाखांचा व त्यात पॅनेल १ लाखाचे. दुपटीने वाचतील फक्त २० हजार. मोटर, पाया, गवंड्याची मजुरी काही त्या प्रमाणात उतरत नाही. खाऱ्या वाऱ्यात सांगाड्याला जस्ताचा मुलामाही हवाच.

दुपटीला दोन वर्षे लागली आणि डिझेलला वर्षाकाठी ४० हजार जात असतील, तर ८० हजार जळतील. थांबल्याने वाचलेले ७ टक्के दराचे व्याज ४२ हजार आणि पॅनेलचे २० हजार, मिळून ६२ हजारच होतात. डिझेलचा खर्च वर्षाला ३१ हजारांच्या आत असेल, तर मात्र थांबावे.