दोन टनांची पकड

३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराच्या मातीखाली गेलं. दीडशेहून अधिक माणसं दगावली. डोंगर तर पिढ्यान्‌पिढ्या तिथेच उभा होता. मग त्याच पावसात का घसरला?

उतारावरच्या मातीला तिचं स्वतःचं वजन सतत खाली ओढत असतं. घसरण्यासाठी मातीचा एक थर दुसऱ्यावरून सरकावा लागतो. या सरकण्याला माती जो विरोध करते ते तिचं कर्तनबल. फ्रेंच अभियंता कुलोम याने अठराव्या शतकात त्याचे दोन भाग सांगितले. एक चिकटपणा, म्हणजे संसंजन. तो वरच्या भारावर अवलंबून नसतो. दुसरं कणांचं परस्परांवरचं घर्षण. ते भार वाढेल तसं वाढतं. किती वाढेल, हे घर्षणकोन सांगतो. कोरडी वाळू ओतली की तिच्या ढिगाचा उतार साधारण याच कोनाला थांबतो.

आता एक काल्पनिक उतार घेऊ. चढ ३० अंशांचा, कातळावर दोन मीटर माती, घनमीटरला १.९ टन वजनाची. कातळालगतच्या दर चौरस मीटरवर खाली ओढणारं बळ येतं १.६५ टन आणि कातळावर दाबणारं २.८५ टन. घर्षणकोन २८ अंश धरला तर घर्षणातून सुमारे १.५२ टन मिळतात. एवढ्याने भागत नाही! पण चिकटपणाचे अर्धा टन धरले की पकड दोन टनांवर जाते आणि उतार टिकतो.

पावसाचं पाणी मुरून कातळावर साचतं आणि उतारासोबत झिरपू लागतं. पाण्याची पातळी एक मीटर झाली की कणांमधल्या पाण्याचा दाब ०.७५ टन होतो, आणि दाबणाऱ्या भारातला तेवढा वाटा कण एकमेकांवर टाकेनासे होतात. घर्षणासाठी उरतात २.१० टन, त्यातून मिळतात १.१२. चिकटपणा धरून १.६२, ओढ मात्र १.६५. पाण्याने माती ‘निसरडी’ होते, असं आपण सहज म्हणतो. पण इथे घर्षणकोन एका अंशानेही बदललेला नाही. बदललाय तो कणांवरचा दाब.

चिकटपणाचा भरवसाही बेताचाच. घाटरस्त्याची उभी कापलेली मुरमाची भिंत मे महिन्यात ताठ उभी असते. त्या बळातला बराचसा वाटा ओलसर कणांमधल्या पाण्याच्या ओढीचा असतो. माती पूर्ण भिजली की तो संपतो. त्यात उताराचा पायथाच कापलेला असला तर वरच्या मातीचा आधारही गेलेला असतो. उताराच्या माथ्याला समांतर भेगा पडल्या, झाडं कलली किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर आत सरकणं सुरू झालं असण्याची शक्यता असते.

म्हणून उपायातही आधी पाणी काढतात: माथ्यावर चर खणतात, उतारात छिद्रांचे पाइप बसवतात. आपल्या उदाहरणात पाणी अर्ध्या मीटरवर रोखलं तर पकड १.८२ टन राहते. अभियंत्यांना ओढीच्या दीडपट हवी असते. तेवढ्यासाठी या उताराचा चढही कमी करावा लागेल.