किती महिने, किती टक्के?

दर महिनाअखेरीला 5,000 रुपये बाजूला टाकायचे आणि 10 लाख जमवायचे. महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळत असेल, तर किती महिने लागतील?

हप्त्यांचे सूत्र असे:

5000 × [(1.005)ⁿ − 1] ÷ 0.005 = 10,00,000

आकडेमोड केली की उरते (1.005)ⁿ = 2. शोधायची संख्या घातांकात अडकली आहे आणि तिला खाली उतरवण्याचे काम लॉगॅरिदम करतो: n = log 2 ÷ log 1.005, म्हणजे सुमारे 138.98. अपूर्णांक नेहमी वर न्यायचा, म्हणून 139 हप्ते, 11 वर्षे 7 महिने.

आता मुदत 10 वर्षेच ठेवा आणि दर विचारा. इथे लॉगॅरिदम हात टेकतो, कारण दर कंसात घातांकाखाली आहे आणि छेदातही. मग अंदाज घ्यायचा. महिना 1 टक्का धरला तर 11.50 लाख होतात, जास्त. 0.7 टक्क्याला 9.35 लाख, कमी. 0.8 टक्क्याला 10.01 लाख, जवळजवळ नेमके. दर वाढला की रक्कम वाढतेच, त्यामुळे उत्तर कायम दोन अंदाजांच्या मध्ये सापडते.

बँकेशी तुलना करताना मात्र जपावे: 0.8 ला 12 ने गुणून 9.6 येतात, पण चक्रवाढ धरल्यास वार्षिक दर सुमारे 10 टक्के भरतो.