मंडपातली पहाटे दोनची पाळी

गणेशोत्सवाचा फलक लिहायला बसलं की आधी पंचांग उघडावं लागतं. आपण सवयीने दहा दिवस म्हणतो, पण भाद्रपद शुद्ध चतुर्थी ते अनंत चतुर्दशी हा हिशोब तिथींचा आहे. २०२३ साली उत्सव १९ ते २८ सप्टेंबर असा दहा दिवसांचा होता, तर २०२४ मध्ये ७ ते १७ सप्टेंबर असा अकरा दिवसांचा. गौरी तर नक्षत्रावर चालतात: अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन. त्यामुळे त्यांचे वार दरवर्षी बदलतात. पूजनाच्या दिवशी घरोघरी स्वयंपाक आणि पाहुणे असतात, म्हणून महिलांच्या स्पर्धा गौरी गेल्यानंतर ठेवाव्यात.

संध्याकाळच्या आरतीची वेळ ठरली की कार्यक्रमाची मर्यादाही ठरते. घरची आरती उरकून लोक आठला मंडपात येतात. चार-पाच आरत्या, घालीन लोटांगण, मंत्रपुष्पांजली आणि प्रसाद यात पाऊण तास सहज जातो. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा असतो. म्हणजे उरला सव्वा तास. त्यात एकांकिका बसते, दोन अंकी नाटक बसत नाही. वाद्यवृंदासारखा लांबणारा कार्यक्रम जिल्हाधिकाऱ्यांनी बारापर्यंत सूट दिलेल्या दिवशीच घ्यावा. ते दिवस मोजकेच असतात, आणि जाहीर झालेली यादी पाहिल्याशिवाय कलाकारांना तारीख देऊ नये.

खरी कसोटी मात्र रात्रीच्या पाळ्यांची. मूर्तीजवळ चोवीस तास कोणीतरी जागं हवं. दानपेटी, विजेची जोडणी आणि तेवती समई, सगळ्यांवर लक्ष ठेवायचं असतं. दहा दिवसांच्या उत्सवात मधल्या रात्री नऊ. दहा ते दोन आणि दोन ते सहा अशा दोन पाळ्या, प्रत्येकीत दोघे, म्हणजे छत्तीस नावं लागतात. अठरा कार्यकर्ते असले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन रात्री येतात. त्यातली एक पहिली पाळी आणि एक पहाटेची द्यावी, नाहीतर पहाटेचं ओझं त्याच चौघांवर पडतं. उत्सव अकरा दिवसांचा झाला की चार नावं वाढतात, आणि तीच शोधताना दमछाक होते.

पहिल्या तीन रात्री उत्साहात निघून जातात. यादी कोलमडते ती पाचव्या-सहाव्या रात्रीपासून. खूण ओळखायला सोपी आहे: दोनला येणारा येत नाही आणि दहाचाच माणूस सकाळपर्यंत बसून राहतो. म्हणून कामावर जाणाऱ्यांना पहाटेची पाळी सुट्टीच्या आदल्या रात्रीच द्यावी आणि रोज एक राखीव नाव लिहावं, शक्यतो मंडपाजवळच राहणाऱ्याचं. विसर्जनाच्या आदल्या रात्री मूर्ती उचलणाऱ्या मुलांना अजिबात जागवू नये. ती रात्र ज्येष्ठांनी घ्यावी, आणि तसं फलकावर पहिल्या दिवशीच लिहून टाकावं.