रेकॉर्डिंग आहे, मग ईमेल कशाला?

अमेरिकेतल्या विद्यापीठांत प्राध्यापक आठवड्यातले काही तास विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात. त्याला ‘ऑफिस अवर’ म्हणतात. या वेळेत थेट जायचं आणि अडलेलं विचारायचं. आता ही भेट पुष्कळदा झूमवर होते आणि प्राध्यापकांच्या संमतीने रेकॉर्डही होते. मग दुसऱ्या दिवशी सारांशाचा ईमेल पाठवायची गरज काय?

एक कल्पित उदाहरण घेऊ. नाशिककडची एक मुलगी तिथे संख्याशास्त्रात एम.एस. करते आहे. प्रबंधाचा विषय लासलगावच्या बाजार समितीतले कांद्याचे रोजचे दर. मंगळवारी, 14 ऑक्टोबरला, तिची मार्गदर्शक प्राध्यापिकेशी पंचवीस मिनिटं भेट झाली. रात्री ती झूमने आपोआप तयार केलेली लेखी प्रत उघडून सारांश लिहायला बसली. प्रतीत होतं : लिलाव बंद असलेल्या दिवशी दराच्या जागी शून्य भरता येईल. पुढचंच वाक्य होतं : मग सगळ्या दरांचा लॉगॅरिदम घ्या.

इथे ती थबकली. शून्याचा लॉगॅरिदम निघतच नाही. तिने रेकॉर्डिंग 12:40 पाशी नेऊन ऐकलं. बाई ‘कान्ट’ म्हणाल्या होत्या, यंत्राने ‘कॅन’ लिहिलं होतं. भराभर बोलताना या दोन शब्दांतला फरक निसटतो आणि सल्ला नेमका उलटा होतो. म्हणून लेखी प्रतीतून ओळी उचलून ईमेलमध्ये चिकटवू नयेत. सल्ला आपल्या शब्दांत, कारणासकट लिहून पाहावा. कारण जुळेना, की तेवढा तुकडा पुन्हा ऐकावा.

दुसरी अडचण रेकॉर्डिंग कितीही वेळा ऐकून सुटत नाही. बाई म्हणाल्या होत्या, ‘यू माइट वॉन्ट टू’ निर्यातबंदीचा काळ वेगळा तपासणं. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात थांबवली आणि मे 2024 मध्ये बंदी उठली. त्या महिन्यांतले दर बाकीच्यांत मिसळावेत का, हा प्रश्न होता. आपल्या कानांना ते वाक्य ‘वाटलं तर कर’ असं ऐकू येतं. अमेरिकन प्राध्यापकाच्या तोंडी मात्र ते अनेकदा ‘हे करच’ याचं सौम्य रूप असतं. नेमकं काय म्हणायचं होतं, ते विचारल्याशिवाय कळत नाही. शिवाय पंचवीस मिनिटांत मनात आलेलं, बोलून सोडून दिलेलं आणि ठरलेलं असं सगळं एकाच आवाजात भरलेलं असतं. त्यातून ठरलेलं तेवढं वेगळं काढायचं काम ईमेलचं.

तिने बुधवारी सकाळी इंग्रजीत पाठवलेला ईमेल मराठीत साधारण असा होईल :

विषय : प्रबंध – 14 ऑक्टोबरच्या भेटीचा सारांश आणि एक प्रश्न

‘कालच्या वेळेबद्दल आभार. मला समजलेलं असं :

1. लिलाव बंद असलेले दिवस रिकामे ठेवायचे, शून्य भरायचं नाही. त्या दिवशी दर शून्य नव्हता, दर निघालाच नव्हता.

2. त्यानंतर दरांचा लॉगॅरिदम घ्यायचा.

एक प्रश्न : निर्यातबंदीचे महिने वेगळे तपासणं या मसुद्यातच हवं, की नंतर चालेल?

मी शुक्रवारी, 24 ऑक्टोबरला, सुधारलेला आलेख आणि दोन पानी टिपण पाठवते. ऋतुमानाच्या परिणामावरचा एक लेख पाठवण्याचं तुम्ही म्हणाला होतात, सवडीने पाठवावा. माझ्या समजण्यात चूक असेल तर कृपया सांगा.’

एवढंच. यात प्राध्यापिकेला उत्तर द्यायला प्रश्न एकच आहे, आणि त्याचं उत्तर फोनवरून एका ओळीत देता येतं. पाच प्रश्न असते, तर ईमेल ‘निवांत बघू’ म्हणून मागे पडला असता. बाईंकडे असलेलं काम आठवणीच्या सुरात आलं आहे, ‘तुम्ही कबूल केलं होतं’ असा तगादा नाही. आणि उत्तर आलं नाही, म्हणजे बाईंना सगळं मान्य आहे असं तिने गृहीत धरलेलं नाही. निर्यातबंदीचा प्रश्न सुटेपर्यंत ती पहिल्या दोन कामांना लागू शकते. आठवड्याभराने त्याच ईमेलखाली एक ओळ लिहून आठवण देता येते.

आपल्याकडून जाणाऱ्यांच्या हातून दोन गोष्टी हमखास होतात. ‘रिस्पेक्टेड सर’ किंवा ‘मॅडम’ तिथे अवघडल्यासारखं वाटतं. ‘प्रोफेसर’ आणि आडनाव पुरतं. आणि ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं, की आपल्याला शंका विचारायची आहे हे न कळता, सल्ल्यावर आपला विश्वास नाही असा अर्थ निघू शकतो. तिथे ‘क्वेश्चन’ म्हणावं.

गुरुवारी उत्तर आलं : ‘शून्याचं बरोबर. निर्यातबंदी याच मसुद्यात.’ रेकॉर्डिंगमध्ये हे दुसरं वाक्य कुठेच नव्हतं.