अनुक्रमांक चुकला तरी ओळ शाबूत

२०२३ मध्ये महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि शाळांची जुनी जनरल रजिस्टरं पुन्हा कपाटाबाहेर आली. अशी पानं स्कॅन करून एक्सेलमध्ये उतरवताना हमखास एक घोटाळा होतो: यादी अनुक्रमांकानुसार ‘सॉर्ट’ केली जाते. ज्या ओळीचा आकडा पुसट, ती थेट तळाशी जाते. ‘१’ चा ‘९’ वाचला गेला, तर पोरगं भलत्याच वर्षाच्या मुलांत जाऊन बसतं.

म्हणून पहिलं काम सॉर्ट करणं नव्हे. प्रत्येक ओळीला तिची कागदावरची जागा आधी द्यायची: पान कितवं, ओळ कितवी. रजिस्टरातला अनुक्रमांक जसा दिसतो तसा वेगळ्या रकान्यात. मात्र लांब नाव खालच्या ओळीत उतरलं असेल, तर ती नवी ओळ धरायची नाही. तिथे दाखल तारखेचा रकानाही रिकामाच असतो.

समजा, एका पानावरच्या दहा ओळींचे आकडे असे वाचले गेले: ४११, ४१२, रिकामं, ४१४, ४९५, ४१६, ४१६, ४१७, ४२०, ४२१. प्रत्येक आकड्यातून ओळीचा क्रम वजा करा. उत्तरं येतात ४१०, ४१०, रिकामं, ४१०, ४९०, ४१०, ४०९, ४०९, ४११, ४११. सगळी भानगड इथे उघडी पडते.

पाचव्या ओळीपुरती वजाबाकी बिघडली आणि लगेच ताळ्यावर आली. म्हणजे चूक वाचण्यातली. तो आकडा ४१५ असणार. तिसऱ्या ओळीच्या दोन्ही बाजूंना ४१० आहे, तेव्हा तिथे ४१३.

सातव्या ओळीपासून मात्र फरक एकने उतरला आणि उतरलेलाच राहिला. ही चूक लिहिणाऱ्याची: त्याने ४१६ दोनदा घातला. नावं आणि दाखल तारखा वेगळ्या असतील, तर ही दोन वेगळी मुलं. दोघांपैकी कुणाचाही आकडा ‘दुरुस्त’ करायचा नाही, कारण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर रजिस्टर क्रमांक तोच पडतो. त्यांना वेगळं ओळखायला पान आणि ओळ पुरेशी आहे.

नवव्या ओळीला फरक दोनने चढला. ४१८ आणि ४१९ लिहायचेच राहिले, की ओळी स्कॅनमध्ये कापल्या गेल्या? पानाच्या मधोमध आखलेल्या रेघा सारख्या अंतरावर असतील, तर लिहिणाऱ्यानेच आकडे गाळले. उडी दोन पानांच्या सांध्यावर असेल आणि एका पानावर मावतात तितक्याच आकड्यांची असेल, तर पान गहाळ असल्याची शंका घ्यायची आणि मूळ रजिस्टर उघडायचं.

हिशेब अडतो तो उडीच्या तोंडाशीच आकडा पुसट असला की. आठवी ओळ वाचता आली नसती, तर ४१७, ४१८ आणि ४१९ तिन्ही आकडे तिथे बसले असते. दाखल तारीख ओळ जागेवर असल्याचं सांगते, तिचा आकडा सांगत नाही. अशा वेळी तो रकाना रिकामाच ठेवायचा आणि शेऱ्यात ‘अवाचनीय’ असं लिहायचं.