यंत्राचा कौल आणि कच्चा खर्डा

एका शिक्षकाने आपल्या ६० विद्यार्थ्यांना ई-मेलने धाडलेले पत्र परवा माझ्या वाचनात आले. निबंधाचे मुद्दे जुळविण्यास कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत चालेल, ती कोठे घेतली ते शेवटी लिहावे, मजकूर मात्र स्वतःचा हवा, हा त्यातला नियम. तो सरळच आहे. खरी मेख चोरी ओळखण्यात आहे.

ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये असे एक ओळखयंत्र काढले. तिच्याच चाचणीत यंत्रलिखित शंभर इंग्रजी मजकुरांपैकी २६ पकडले गेले, आणि माणसांनी लिहिलेल्या शंभरांपैकी ९ नाहक! आता हिशेब करा. ६० पैकी १० जणांनी लबाडी केली असे धरू. त्यांतले दोन-तीन सापडतील; उरलेल्या ५० प्रामाणिकांतले मात्र चार-पाच. म्हणजे पकडलेल्यांत निरपराधच अधिक. त्याच जुलैत कंपनीने ते यंत्र मागे घेतले.

म्हणून हे गुरुजी नुसत्या आकड्यावर शिक्षा करणार नाहीत. शंका आलीच तर जपून ठेवलेले कच्चे खर्डे मागतील, दहा मिनिटे समोर बसवतील आणि विचारतील, ‘हा परिच्छेद का बदललास?’ लिहिणाऱ्याला ते बहुधा आठवते. बुजऱ्या पोराची तेथे बोबडी वळली तर काय, हे मात्र पत्रात नाही.