ताब्याला साडेचार वर्षं झालीत? मग घाई करा

नळदुर्गला मावशीच्या फ्लॅटमध्ये बीमखाली तिरकी भेग पडलीय. बिल्डर म्हणतो, "वर्षभरच आमची जबाबदारी."

साफ खोटं. रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष कळवला, तर त्यानं 30 दिवसांत फुकट दुरुस्ती करायची. नाही केली तर भरपाई.

मावशी फोनच करत बसली होती! फोनचा पुरावा काय? ताब्याची तारीख, फोटो जोडून स्पीड पोस्टानं पत्र धाडलं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहिली. भेग पुढे सरकली की कळतं.

तरी बिल्डर हलला नाही तर महारेराकडे तक्रार. आठ फ्लॅटपर्यंतच्या इमारतीला रेरा नोंदणी लागत नाही, तिथं धाराशिवचा ग्राहक आयोग गाठा.

मात्र आपणच भिंत फोडली असेल, तर बिल्डर तेच पुढे करणार.